विमानातल्या सुरक्षा सूचनांचं मराठी: ‘फुगवू नका’मधलं ‘नका’ ऐकू कसं जाईल?

वेलांटी

एका विमान कंपनीच्या सुरक्षा सूचना मराठीत करायचं काम हातात आहे. उड्डाणाआधी एक कर्मचारी वाचतो आणि बाकीचे मधल्या वाटेत उभे राहून पट्टा, मास्क, जॅकेट दाखवतात, तोच मजकूर. कंपनीकडे आधीचा एक मराठी मसुदा आहे. तो हिंदीवरून केलेला दिसतो, कारण त्याची सुरुवातच ‘आपल्या खुर्चीची पेटी बांधून घ्यावी’ अशी आहे. पेटी म्हटल्यावर आपल्याकडे ट्रंक आठवेल नाहीतर हार्मोनियम. ती बांधायची कशी?

त्यातले दोन उतारे देते.

‘विमानातील वायुदाब कमी झाल्यास आपल्या आसनाच्या वरील भागातून प्राणवायू मुखवटा आपोआप खाली येईल. असे झाल्यास मुखवटा घेऊन, त्याद्वारे नाक व तोंड झाकून, लवचिक पट्टीच्या साहाय्याने तो डोक्यामागे बांधून सामान्यपणे श्वासोच्छ्वास करावा. इतरांना साहाय्य करण्यापूर्वी स्वतःचा मुखवटा परिधान करावा.’

‘जीवरक्षक जाकीट आपल्या आसनाखाली असून, ते परिधान केल्यानंतर विमानाच्या बाहेर पडेपर्यंत लाल पट्टी ओढून फुगवण्यात येऊ नये.’

वाक्यं तोडायची आहेत हे उघड आहे. पण कुठे तोडायची, वस्तूंना काय म्हणायचं आणि मूळ मजकुरापासून किती हलता येतं, यावर मतं हवी आहेत. विमानात काम केलेलं कुणी असेल तर फारच बरं.

शब्दवेल्हाळ

‘पेटी’ काढाच, त्यात दुमत नाही. पण ‘प्राणवायू’ आणि ‘जीवरक्षक’ का खटकावेत? पाठ्यपुस्तकात प्राणवायूच होता. एकदा मराठीत सूचना देतोय म्हटल्यावर ऑक्सिजन मास्क, लाइफ जॅकेट, सीटबेल्ट असंच बोलायचं असेल तर मग मराठीत राहतं काय? फक्त क्रियापदं. ‘आसनपट्टा’ हा शब्द किती सुटसुटीत आहे बघा.

वाक्यं लहान करा, शब्द मात्र आपले ठेवा.

गॅलीतली

मी बरीच वर्षं केबिन क्रूमध्ये होते, नंतर नव्या मुलामुलींना प्रशिक्षण द्यायचे. शब्दांवर येतेच, पण त्याआधी एक गोष्ट. तुमच्या पहिल्या उताऱ्यात ‘मुखवटा घेऊन’ आहे, त्याने काम बिघडतं.

मास्क वरून पडतो तेव्हा तो नळीवर आणि एका दोरीवर लोंबकळत असतो. बऱ्याच विमानांत डोक्यावरच्या पॅनेलमध्ये ऑक्सिजन तयार करणारा छोटा डबा असतो. ती दोरी ताणली की पिन निघते, डब्यातली रासायनिक क्रिया सुरू होते आणि मग ऑक्सिजन यायला लागतो. काही विमानांत डब्याऐवजी सिलिंडर असतात, पण ओढायचं तिथेही असतंच. प्रवाशाने मास्क हलकेच हातात धरला, मान पुढे करून त्यात नाक घातलं, तर दोरी सैलच राहील. मास्क लावलेला दिसेल आणि ऑक्सिजन आलेला नसेल. म्हणून इंग्रजीत ‘ओढा’ असं सांगतात, ‘घ्या’ नाही. ते क्रियापद तुमच्या मसुद्यात कुणीतरी सभ्य करून टाकलंय.

वेळ किती असतो तेही लक्षात घ्या. 35,000 फुटांवर दाब गेला तर माणसाचं डोकं नीट चालतं ते साधारण 30 ते 60 सेकंद. ‘असे झाल्यास’पासून ‘करावा’पर्यंतचं वाक्य ऐकून मनात उलगडायला तेवढ्यात वेळ नाही. त्या क्षणी आठवतो तो हात आणि त्याची हालचाल. म्हणून एक हालचाल, एक वाक्य.

आणि ‘करावा’ नको, ‘करा’ म्हणा. ‘करावा’ ऐकलं की सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटतं, जमलं तर करायचं.

सहप्रवासी_२२

छान विषय. पण मला म्हणायचंय की वैमानिक जे बोलतो, उंची, तापमान, किती वाजता पोहोचू, ते आधी मराठीत करा. ते कुणालाच कळत नाही. सुरक्षेचं तर सगळे हातवाऱ्यांवरून समजून घेतात.

गॅलीतली

सहप्रवासी, वैमानिकाचं बोलणं हा वेगळा विषय आहे, इथे नको मिसळायला. पण हातवाऱ्यांवरून सगळं समजतं हे खरं नाही. 2018 मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या 1380 क्रमांकाच्या उड्डाणात इंजिन फुटून खिडकी गेली आणि मास्क खाली आले. तेव्हा आतून काढलेले प्रवाशांचे फोटो जगभर फिरले. कित्येकांनी मास्क फक्त तोंडावर लावले होते, नाक उघडं. त्यांनी हातवारे आयुष्यात अनेकदा बघितले असणार. म्हणून ‘नाक व तोंड झाकून’ एवढ्यावर सोडू नका. ‘नाक आणि तोंड, दोन्ही झाका’ म्हणा. ‘दोन्ही’वर आवाज टाका.

शब्दवेल्हाळ

‘ओढा’ मान्य. पण त्याचा ‘प्राणवायू’शी काय संबंध?

वेलांटी

शब्दवेल्हाळ, मुखवट्याबद्दल माझी शंका वेगळी आहे. मुखवटा म्हटलं की आपल्याला चेहरा झाकणारा, डोळ्यांना भोकं असलेला दिसतो. नाटकातला. हा मास्क पिवळ्या पेल्यासारखा असतो आणि तो डोळ्यांवर घ्यायचा नसतो. कोविडनंतर ‘मास्क’ हा शब्द आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतो, आणि नाक-तोंडावर लावायची वस्तू म्हणूनच कळतो. मग तो सोडून उलटं चित्र उभं करणारा शब्द का घ्यावा?

प्राणवायूबद्दल मी अडून बसणार नाही. पण दवाखान्यात ‘ऑक्सिजन लावला’ असंच सगळे म्हणतात.

ध्वनिखोली

मी आवाजाच्या मुद्रणाचं काम करतो. रेल्वे आणि बस स्थानकांच्या उद्घोषणा केल्यात, विमानाच्या नाही. तरी दुसऱ्या उताऱ्याबद्दल बोलतो, कारण खरी भानगड तिथे आहे आणि ती मराठीच्या वाक्यरचनेची आहे.

इंग्रजीत नकार वाक्याच्या तोंडाशी येतो. ऐकणाऱ्याला पहिल्याच शब्दात कळतं की काहीतरी करायचं नाहीये. आपल्याकडे नकार शेवटी. ‘विमानाच्या बाहेर पडेपर्यंत लाल पट्टी ओढून फुगवण्यात येऊ’ इथपर्यंत ऐकणारा सगळं होकारार्थी ऐकतो आणि अगदी शेवटी ‘नये’ येतं. बोलताना वाक्याच्या शेवटी आपला आवाज उतरतो, श्वास संपत आलेला असतो. केबिनमध्ये इंजिनचा आवाज, एसीचा आवाज, कुणाचं तरी बाळ. जाणार काय? नेमकं ‘नये’ किंवा ‘नका’.

मुद्रणाच्या खोलीत तो शब्द स्वच्छ ऐकू येतो म्हणून फसायला होतं. मी अशा वाक्यांची चाचणी पंख्याच्या नाहीतर इंजिनच्या आवाजावर टाकून घेतो आणि ऐकणाऱ्याला विचारतो, काय करायचं सांगितलं? ‘काय ऐकू आलं’ असं विचारलं तर लोक अंदाजाने वाक्य पूर्ण करून देतात.

लाँचवाला

जॅकेटबद्दल माझा अनुभव सांगतो. मी प्रवासी लाँचवर आहे. आमच्याकडची लाइफ जॅकेटं फोमची असतात. घातली, पट्टे आवळले, झालं. फुगवायची भानगडच नाही. एकदा विमानात बसलो आणि ती ताई जॅकेट दाखवत होती तेव्हा मला वाटलं, हे तर सपाट कापड आहे, यात कसा तरंगणार माणूस? लाल दोरीचं तिने सांगितलं असेल, माझ्या ध्यानात नाही राहिलं.

मग प्रश्न असा, घातलं की लगेच फुगवून मोकळं का व्हायचं नाही? पाण्यात पडायच्या आधी तयार असलेलं बरं ना? आम्ही तर लाँच सुटायच्या आधीच घालायला लावतो.

गॅलीतली

लाँचवाले दादा, लाँच उघडी असते, विमानाला छत असतं. सगळा फरक तिथे आहे.

विमान पाण्यावर उतरलं आणि आत पाणी शिरलं, की फुगलेलं जॅकेट माणसाला वर उचलतं आणि छताला नेऊन चिकटवतं. दार त्याच्या खाली, पाण्यात. बाहेर पडायला बुडी मारावी लागते आणि फुगलेल्या जॅकेटने बुडी मारता येत नाही. शिवाय अरुंद वाटेत फुगलेली जॅकेटं एकमेकांना अडतात. 23 नोव्हेंबर 1996 ला इथिओपियन एअरलाइन्सच्या अपहरण झालेल्या 767 विमानाचं इंधन संपलं आणि ते कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरवावं लागलं. विमानात 175 माणसं होती, त्यातली 125 गेली. आदळण्यातून वाचलेल्या अनेकांनी जॅकेट आतच फुगवलं होतं आणि पाणी चढल्यावर ते बाहेर येऊ शकले नाहीत. प्रशिक्षणात हे उदाहरण आम्ही दरवेळी सांगायचो.

म्हणजे अख्ख्या मजकुरातलं सगळ्यात महागडं ‘नका’ ते हेच. आणि ध्वनिखोली म्हणतात त्याप्रमाणे तेच वाक्याच्या शेपटीला आहे.

वेलांटी

‘पर्यंत’ काढून वाक्याचे दोन तुकडे केले:

‘जॅकेट विमानात फुगवू नका. दारातून बाहेर पडताना फुगवा.’

पण ध्वनिखोली, पहिल्या तुकड्यातलं ‘नका’ गेलं तर ‘जॅकेट विमानात फुगवू’ उरतं. म्हणजे पूर्वीपेक्षा वाईट झालं का?

ध्वनिखोली

वाईट नाही, निदान दुसरं वाक्य होकारार्थी आहे आणि ते बरोबर जागी पोहोचवतं. पण अजून एक करता येईल. ‘विमानात अजिबात फुगवू नका.’

‘अजिबात’ शोभेचा नाही. हा शब्द आला की मराठी कान नकाराच्या तयारीत बसतो. ‘अजिबात फुगवा’ असं कुणी बोलत नाही. म्हणजे ‘नका’ आवाजात बुडालं तरी अर्थ बुडत नाही. नकाराची वर्दी क्रियापदाच्या आधीच पोहोचलेली असते. शिवाय ‘जिबा’वर जोर देता येतो, वाक्याच्या मधोमध, जिथे दम शिल्लक असतो.

रेल्वेच्या उद्घोषणांत ‘रूळ ओलांडू नका’पेक्षा ‘रूळ कधीही ओलांडू नका’ जास्त कळतं, त्याचं कारण हेच.

शब्दवेल्हाळ

हे आवडलं. मात्र ‘अजिबात’ मूळ मजकुरात नाही. अनुवादकाने आपल्या पदरचं घालावं का?

गॅलीतली

प्रश्न योग्य आहे. हा मजकूर कंपनीच्या मंजूर पुस्तिकेतून येतो. त्यातली एखादी सूचना गाळता येत नाही, नवी घालता येत नाही, आणि क्रमही सहजासहजी बदलता येत नाही, कारण तिकडे एकाच वेळी हातवारे चालू असतात. तुम्ही बक्कल आधी आणि पट्टा नंतर केलात तर दाखवणारी मुलगी गोंधळेल.

पण ‘अजिबात’ने सूचना बदलत नाही, ती फक्त घट्ट होते. मजकूर तपासताना दुसऱ्याच कुणाकडून तो मराठीतून परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळच्या शेजारी ठेवा. त्यात ‘अजिबात’ दिसेल, कुणी हरकत घेणार नाही. उलट ‘ओढल्यावरच ऑक्सिजन सुरू होतो’ हे वाक्य तुम्हाला घालावंसं वाटेल. माझ्या वरच्या प्रतिसादामुळे नक्की वाटेल. ते मूळात नसेल तर मात्र आधी विचारा. काही कंपन्यांच्या मजकुरात असतं, काहींच्यात नसतं.

वेलांटी

वाटलंच होतं! विचारते.

आता नावांचा गुंता. माझ्या मसुद्यात सीटचा पट्टा आहे, जॅकेटचा कमरेचा पट्टा आहे, मास्कची लवचिक पट्टी आहे आणि जॅकेट फुगवायची लाल पट्टी आहे. चार वस्तू आणि सगळे पट्टे. ‘पट्टी ओढा’ म्हटलं तर कुठली? मास्कची पट्टी ओढली तर इलॅस्टिक घट्ट होतं, जॅकेटची ओढली तर जॅकेट फुगतं. माणूस घाईत कमरेचा पट्टा घट्ट करायला गेला आणि हाताला लाल पट्टी लागली तर?

गॅलीतली

अगदी हेच होतं. सरावातसुद्धा नवी मुलं कमरेचा पट्टा आवळायच्या नादात लाल टॅब ओढायची आणि जॅकेट फस्सकन फुगायचं. त्यात दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी असते, ती एकदा फुटली की परत नाही.

माझा सल्ला, ‘पट्टा’ हा शब्द एकाच वस्तूला ठेवा, जॅकेटच्या कमरेच्या पट्ट्याला. सीटवरच्याला सीटबेल्ट. मास्कच्याला इलॅस्टिक, शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द माहीत आहे. आणि लाल वस्तू तिच्या रंगाने ओळखवा. लाल टॅब म्हणा.

शब्दवेल्हाळ

म्हणजे आसनपट्टा गेला. कारण पटलं, दुःख आहेच. ‘टॅब’ मात्र अजिबात (!) नको. टॅब म्हणजे लोकांना मुलांच्या हातातला टॅबलेट वाटेल. लाल मूठ म्हणा, लाल दोरी म्हणा.

लाँचवाला

मूठ म्हटलं तर मोठं काहीतरी शोधेल माणूस. ती तर बोटाएवढी असते. दोरी म्हणा. ओढायची म्हटली की दोरीच.

गॅलीतली

दोरी जॅकेटच्या आत असते, बाहेर दिसतं ते तिचं लाल टोक. काही जॅकेटांना एक असतं, काहींना दोन. कंपनीकडे कुठलं आहे ते बघून ‘टोक’ की ‘टोकं’ ते ठरवा. ‘लाल टोक खाली ओढा’ मला चालेल. दाखवणारी त्या वेळी ते धरून दाखवतेच.

वेलांटी

‘लाल टोक’ तूर्तास घेते. आज मजकूर पुन्हा लिहिला:

‘विमानातल्या हवेचा दाब कमी झाला तर वरून ऑक्सिजन मास्क खाली येतील. मास्क जोरात आपल्याकडे ओढा. नाक आणि तोंड, दोन्ही झाका. इलॅस्टिक डोक्यामागे अडकवा. नेहमीसारखा श्वास घेत राहा. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. आधी स्वतःचा मास्क लावा. मग इतरांना मदत करा.

लाइफ जॅकेट तुमच्या सीटखाली आहे. गरज पडली तर बाहेर काढा आणि डोक्यातून घाला. पट्टा कमरेभोवती घ्या. बक्कल लावा. पट्टा ओढून घट्ट करा. विमानात जॅकेट अजिबात फुगवू नका. दारातून बाहेर पडताना लाल टोक खाली ओढा. जॅकेट फुगेल. फुगलं नाही तर नळीत तोंडाने हवा भरा. जॅकेटवर शिट्टी आणि दिवा आहे.’

‘पिशवी’चं वाक्य मूळात आहे, आधीच्या मसुद्यात गाळलं होतं.

सहप्रवासी_२२

पिशवी फुगली नाही म्हणजे ऑक्सिजन संपला असणार. मी वाचलंय की तो फार थोडा वेळ पुरतो. उगाच लोकांना खोटा दिलासा कशाला?

गॅलीतली

अर्धं बरोबर आहे तुमचं. डब्यातला ऑक्सिजन साधारण 12 ते 15 मिनिटं पुरतो, काही विमानांत जास्त. पण तेवढा पुरेसा असतो, कारण वैमानिक तोवर विमान 10,000 फुटांच्या आसपास आणतात, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. पिशवी न फुगण्याशी याचा संबंध नाही. ऑक्सिजन बारीक धारेने येत राहतो आणि तुम्ही तो ओढूनही घेत असता. जोरजोरात श्वास घेणाऱ्याची पिशवी तर फुगणारच नाही. ती सपाट बघून माणसाला वाटतं मास्क बिघडलाय, तो काढून शेजारचा ओढायला जातो. हे वाक्य त्यासाठी आहे, दिलासा म्हणून नाही.

जाता जाता, डबा तापतो आणि जळका वास येतो. तेव्हा लोक आग आग ओरडतात. ते सूचनेत नसतं, असावं असं मला कायम वाटत आलं.

वेलांटी, मजकूर छान उतरलाय. दोन गोष्टी. ‘आपल्याकडे ओढा’ आणि खाली ‘तुमच्या सीटखाली’ असं मिश्रण आहे. सगळीकडे ‘तुमच्या’ करा. ‘आपलं’ म्हणजे माझं-तुमचं दोघांचं की फक्त तुमचं, असा विचार करायला लावू नका. ‘स्वतःकडे ओढा’ म्हणा. दुसरं, ‘सीटखाली’ सगळ्यांना लागू आहे का ते कंपनीला विचारा. पुढच्या महागड्या सीटांना जॅकेट सीटच्या हात टेकायच्या जागेत किंवा दोन सीटांच्या मधल्या कप्प्यात असतं. एकच मजकूर वाचणार असतील तर तिथला प्रवासी खाली चाचपडत बसेल.

नवी_आई

मध्येच विचारते. बाळ मांडीवर असेल तर ‘आधी स्वतःचा’ हे मनाला पटतच नाही. माझा हात आधी बाळाकडेच जाईल. आणि लहान मुलांचं जॅकेट पण दारातच फुगवायचं का? रांगेत उभं राहून, एका हातात मूल घेऊन ते टोक कसं ओढणार?

गॅलीतली

पहिल्याचं कारण वर आलेलं 30 ते 60 सेकंदांचं गणित. तुम्ही बाळाचा मास्क लावता लावता बेशुद्ध झालात तर दोघांनाही लावणारं कुणी नाही. तुमचा लागला असेल तर बाळ क्षणभर मलूल झालं तरी तुम्ही त्याला लावू शकता, आणि ऑक्सिजन मिळाला की ते सावरतं.

जॅकेटचं उत्तर मी इथे देणार नाही. कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत, काही ठिकाणी मुलांचं जॅकेट सीट सोडतानाच फुगवायला सांगतात. तान्ह्यांचं जॅकेट वेगळं असतं, ते क्रू आणून देतो आणि त्याच वेळी समजावतो. तुम्ही विमानात असाल त्या क्रूला उड्डाणाआधी विचारा.

वेलांटी

नवी_आई, तुमच्या प्रश्नामुळे एक कळलं. माझ्या मूळ मजकुरात ‘इतरांना’ असं मोघम आहे. ‘मुलांना’ म्हणता येईल का हेही विचारणार आहे. आपलं मूल ‘इतर’ आहे असं कुठल्याच आईला वाटत नाही.

ध्वनिखोली

‘आधी स्वतःचा’ हे वाक्य शेवटी का? ज्याने करायचं तो तोवर मुलाचा मास्क ओढून मोकळा झालेला असेल. ‘मास्क स्वतःकडे ओढा’च्या आधी टाका.

वेलांटी

मलाही तिथेच हवंय. पण हातवाऱ्यांचा क्रम ठरलेला आहे आणि मूळातही ते शेवटी आहे. मी दोन्ही रूपं पाठवते, ठरवू देत त्यांना.

अजून एक राहिलं. याच कामात ओरडून द्यायच्या आज्ञाही आहेत. विमान थांबल्यावर लोकांना बाहेर काढताना क्रू ओरडतो त्या. आधीच्या मसुद्यात ‘विमान खाली करा!’ आहे.

शब्दवेल्हाळ

विमान खाली करा!! वैमानिकालाच सांगतायत जणू. हिंदीतलं ‘खाली’ म्हणजे रिकामं, मराठीतलं ‘खाली’ म्हणजे खालच्या दिशेला. ‘विमान रिक्त करा’ असं सुचवणार होतो, पण आता तुम्ही सगळे मला हसाल.

गॅलीतली

हसत नाही, पण ‘बाहेर पडा!’ पुरे. त्या वेळी माणसाला विमानाचं काय करायचं ते सांगायचं नसतं, त्याने स्वतः काय करायचं ते सांगायचं असतं.

आज्ञांमध्ये दुसरा सापळा ‘सोडा’चा आहे. ‘बेल्ट सोडा! सामान सोडा!’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. बेल्ट सोडा म्हणजे हाताने उघडा. सामान सोडा म्हणजे हात लावू नका. एकाच क्रियापदाला दोन उलट हालचाली. धुरात कुणीतरी सामान सोडवायला वरचा कप्पा उघडेल. ‘बेल्ट उघडा! सामान राहू द्या! बाहेर पडा!’ असं ठेवा. ‘सामान घेऊ नका’पेक्षा ‘राहू द्या’ बरं, तिथे बुडायला ‘नका’ नाहीच.

आणि हे तोंडाने ओरडून जमलं पाहिजे. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं, तेव्हा आतली उद्घोषणा यंत्रणा बंद पडली होती. क्रूने मेगाफोनवरून आणि नुसत्या आवाजाने सूचना दिल्या. 379 जण बाहेर आले, सगळेच्या सगळे. जोडाक्षरांनी भरलेला शब्द ओरडून बघा, घशातच अडकतो.

ध्वनिखोली

‘उघडा’ ओरडताना ‘घ’ आणि ‘ड’ चांगले फुटतात. ‘राहू द्या’ची मला काळजी आहे. ‘द्या’ एकटं ऐकू आलं तर कुणी सामान काढून पुढे देईल.

लाँचवाला

आम्ही ‘सामान तिथंच!’ म्हणतो. क्रियापदच नाही. कळतं सगळ्यांना.

गॅलीतली

लाँचवाले, हे उत्तम आहे. ओरडून बघितलं आत्ता, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

शब्दवेल्हाळ

एक्झिटचं काय ठरलं? तिथे तरी ‘निर्गम द्वार’ घ्या. तो शब्द आधीपासून पाट्यांवर आहे.

वेलांटी

‘दार’ घ्यायचं ठरवतेय. ‘तुमच्या सर्वांत जवळचं आपत्कालीन दार कुठे आहे ते पाहून ठेवा. ते तुमच्या मागेही असू शकतं.’ विमानाच्या आत ‘निर्गम’ असं लिहिलेलं नसतं, इंग्रजीत लिहिलेलं असतं नाहीतर पळणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र असतं. जो शब्द कानावर पडणार आणि डोळ्यांना कुठेच दिसणार नाही, तो शोधायला कसा सांगू?

शब्दवेल्हाळ

आणि पंखावर उघडणारं? ते दार नाही, खिडकीएवढं झाकण असतं. काही विमानांत तर ते उचलून बाहेर फेकावं लागतं. त्याला ‘दार’ म्हटलं तर कडी शोधत बसतील लोक.

गॅलीतली

त्या रांगेत बसणाऱ्यांना क्रू वेगळं समजावतो, हातात कार्ड देऊन. तरी शंका रास्त आहे. मी काम करत असताना आम्ही बोलताना ‘पंखावरची खिडकी’ म्हणायचो, पण बाकीच्या प्रवाशांना खिडकीतून बाहेर पडा म्हटलं तर ते स्वतःचीच खिडकी ठोकायला लागतील. यावर मला चांगला शब्द सापडलेला नाही.

वेलांटी

मग सर्वांसाठी ‘आपत्कालीन दार’, आणि त्या रांगेच्या सूचनेत ‘पंखावरचं आपत्कालीन दार’ म्हणून पुढच्या वाक्यात ते कसं उघडतं ते. कंपनीच्या विमानात ते बिजागरीचं आहे की सुटं, हे विचारायच्या यादीत टाकलं. यादी आता अशी झाली: ओढल्याचं कारण घालायचं का, ‘आधी स्वतःचा’ कुठे, ‘मुलांना’ चालेल का, मुलांचं जॅकेट कधी, पुढच्या सीटांची जॅकेटं कुठे, टोक एक की दोन, पंखावरचं दार कसं उघडतं.

ध्वनिखोली, ‘अजिबात’वालं आणि बिनअजिबातचं अशी दोन्ही वाक्यं तुमच्या इंजिनच्या आवाजावर टाकून द्याल का? ज्यांनी कधी विमान पाहिलं नाही अशा लोकांना ऐकवायची आहेत.

ध्वनिखोली

पाठवा. एक अट, वाचणारा आवाज क्रूमधल्याचाच घ्या. व्यावसायिक निवेदक वाक्याचा शेवट सांभाळतो, त्याच्या तोंडी दोन्ही वाक्यं पास होतील आणि चाचणीला अर्थ राहणार नाही.